पाव किलो साबुदाणा: भाव, पाणी आणि आच

आषाढी एकादशी जवळ आली की नाशिकमध्ये साबुदाणा, भगर आणि शेंगदाण्याची मागणी वाढते. मग श्रावणी सोमवार, त्र्यंबकेश्वरची ब्रह्मगिरी फेरी, नवरात्र असं करत ती थेट महाशिवरात्रीपर्यंत पुरते. रविवार कारंजा भागातल्या किराणा दुकानात उभं राहिलं की एकाच दुकानात साबुदाण्याचे दोन-तीन भाव ऐकू येतात आणि गिऱ्हाईक बहुतेक वेळा मधला भाव निवडून मोकळं होतं. खिचडी मोकळी होणार की तिचा गोळा होणार, याचा अर्धा निकाल मात्र तिथेच लागलेला असतो. उरलेला अर्धा घरी, भिजवताना घातलेल्या पाण्यात.

आधी पैशांचा हिशेब मांडू. चार माणसांच्या पोटभर फराळाला पाव किलो साबुदाणा लागतो. भाव आठवड्यागणिक बदलतात, त्यामुळे खालचे आकडे मांडणीसाठी धरलेले आहेत. तुमच्या दुकानातला भाव त्या जागी घाला. साबुदाणा ८० रुपये किलो धरला तर पाव किलोचे २० रुपये. सव्वाशे ग्रॅम शेंगदाणे १४० रुपये किलोने साडेसतरा रुपयांचे. दोन बटाटे ६ रुपयांचे. ५० ग्रॅम तूप ६४० रुपये किलोने ३२ रुपयांचं. मिरच्या, जिरं, लिंबू, साखर, मीठ, कोथिंबीर मिळून १० रुपये आणि गॅसचे ४. बेरीज साधारण ९० रुपये, म्हणजे माणशी बावीस-तेवीस रुपये. तुपाऐवजी शेंगदाण्याचं तेल वापरलं तर हीच कढई सत्तरच्या आत बसते.

यातला साबुदाणा एकूण खर्चाच्या पावपटीपेक्षाही कमी आहे आणि सगळ्यात महाग तूप आहे. किलोमागे वीस रुपये स्वस्त साबुदाणा घेतला तर या कढईत आपले पाच रुपये वाचतात. तो साबुदाणा लगदा झाला तर वाया जातात तूप, दाणे आणि बटाटे. म्हणून काटकसर करायचीच असेल तर ती तुपात करावी, साबुदाण्यात करू नये.

दुकानात काय बघायचं

आपल्याकडे येणारा साबुदाणा बहुतांशी तमिळनाडूतल्या सेलम भागातला असतो. तिथल्या साबुदाणा-स्टार्च उत्पादकांची ‘सागोसर्व्ह’ ही सहकारी संस्था १९८१ पासून आहे आणि सेलमच्या साबुदाण्याला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. हा साबुदाणा टॅपिओकाच्या कंदापासून होतो. कंद सोलून, दळून त्यातलं स्टार्चचं दूध गाळतात, ते बसू देतात, तळाशी उरलेला ओला स्टार्च मोडून हलवत-हलवत त्याच्या गोळ्या करतात आणि चाळून आकार वेगळे काढतात. मग या गोळ्या तापलेल्या तव्यावर भाजतात किंवा वाफवतात आणि शेवटी वाळवतात.

आपल्या कामाची गोष्ट या भाजण्यात आहे. भाजताना दाण्याचं बाहेरचं कवच शिजून पक्कं होतं आणि आतला स्टार्च कच्चा, पांढरा राहतो. ते कवच दाण्याला धरून ठेवतं. भिजल्यावर दाणा फुगूनही विरघळत नाही तो त्याच्याचमुळे. भाजणी कमी-जास्त झाली की कवच पातळ-जाड होतं. त्यामुळे एका पोत्यातला साबुदाणा तीन तासांत मऊ होतो आणि दुसऱ्यातला सहा तासांनंतरही मध्ये टणक लागतो. ‘आमच्याकडे नेहमी चार तास भिजवतात’ हा नियम म्हणूनच पिशवी बदलली की मोडतो.

जो साबुदाणा वाफेवर आरपार शिजवलेला असतो तो काचेसारखा अर्धपारदर्शक दिसतो. त्याला बाजारात नायलॉन साबुदाणा म्हणतात आणि तो तळून चिवड्यात घालतात. खिचडीला तो नको. दुकानदाराला स्पष्ट सांगा, “खिचडीचा द्या, चिवड्याचा नको.” खिचडीचा दाणा दुधी, अपारदर्शक आणि मध्यम आकाराचा असतो.

सुटा माल असेल तर मूठभर साबुदाणा तळहातावर घेऊन दुसऱ्या हाताने हलकेच चोळा. हाताला पीठ लागलं, तुकडे दिसले, तर त्या पोत्यात भुगा जास्त आहे. पुढचा सगळा चिकटपणा या भुग्यातून येतो. भुग्याला कवच नसतं, तो पाण्यात लगेच सुटतो आणि आचेवर त्याची खळ होते. दुसरी गोष्ट, आकार सारखा आहे का ते पाहा. लहान-मोठे दाणे मिसळलेले असतील तर लहान दाणे भिजून गळायला येतात तेव्हा मोठ्यांत अजून कणी असते. मग कितीही नीट पाणी मोजलं तरी उपयोग नाही. वासही घ्या, आंबूस किंवा कुबट वास असेल तर तो माल ठेवून द्या.

पाकीटबंद माल घेताना वजन, कमाल किंमत, उत्पादनाचा महिना आणि एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक पाहून घ्या. पाकिटाचा फायदा एवढाच की तीच छाप पुन्हा घेतली तर साबुदाणा बराचसा तसाच निघण्याची शक्यता असते आणि आपलं पाण्याचं माप टिकतं.

भावाची तुलना कशी करायची, त्याचं उदाहरण घ्या. ७० रुपये किलोच्या सुट्या साबुदाण्यात शंभर ग्रॅम भुगा असेल आणि तो धुण्यात वाहून गेला, तर हातात आलेल्या नऊशे ग्रॅमचा खरा भाव ७८ रुपये पडतो. ८० रुपयांच्या स्वच्छ मालात वीस ग्रॅम भुगा असेल तर खरा भाव ८२. दहा रुपयांचं दिसणारं अंतर प्रत्यक्षात चार रुपयांचं आहे. शंका असेल तर घरी आणलेला साबुदाणा रव्याच्या चाळणीने चाळा आणि खाली पडलेल्या भुग्याचं वजन करा. तो फेकू नका, थालीपिठात चालतो.

पाणी

बहुतेक घरांत पाण्याचं माप बोटावर असतं: साबुदाणा बुडून वर अर्धं पेर पाणी. हे माप ज्या भांड्यात ठरलं त्याच भांड्यात खरं असतं. अरुंद पातेल्यात अर्धं पेर म्हणजे थोडंसं पाणी. तेच अर्धं पेर परातीत मोजलं तर पाणी कितीतरी जास्त होतं. भांडं बदललं आणि खिचडी बिघडली, असं अनेकींच्या बाबतीत होतं आणि दोष साबुदाण्यावर जातो.

वजनाने मोजलं तर भांड्याचा प्रश्नच उरत नाही. स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा साधारण पाचशे रुपयांच्या आत मिळतो आणि या कामासाठी तो घेण्यासारखा आहे. पद्धत अशी. पाव किलो साबुदाणा मोठ्या भांड्यात घ्या, भरपूर पाणी घाला, बोटांनी हलकेच फिरवा आणि दुधाळ पाणी ओतून द्या. चोळू नका, चोळल्याने कवच खरवडतं आणि नवा भुगा तयार होतो. तीन-चार पाण्यांनंतर पाणी बऱ्यापैकी नितळ दिसायला लागतं. मग रोळीत किंवा चाळणीत पाच मिनिटं निथळू द्या.

आता काट्यावर रिकामं भांडं ठेवून आकडा शून्य करा आणि निथळलेला साबुदाणा त्यात घाला. आकडा अडीचशेच्या वर दिसेल, कारण धुताना त्याने थोडं पाणी धरलं आहे. वरून पाणी घालत जा आणि आकडा ४७५ झाला की थांबा. म्हणजे कोरड्या वजनाच्या १.९ पट. धुण्याचं पाणीही या मापात आपोआप मोजलं जातं. वाटीच्या किंवा बोटाच्या मापात नेमकं तेच निसटतं. काटा नसेल तर सपाट बुडाच्या भांड्यात साबुदाणा सारखा पसरून पाणी दाण्यांच्या माथ्याला जेमतेम टेकेल एवढंच घाला, वर पाण्याचा थर नको.

१.९ हा सुरुवातीचा आकडा आहे. मोठा, जास्त भाजलेला किंवा जुना दाणा दुपटीपर्यंत जातो. बारीक, कोवळ्या भाजणीचा १.८५ वरच भरतो. सणाच्या आधी नवी पिशवी आणली असेल तर तिची परीक्षा घ्या. तीन वाट्यांत प्रत्येकी ५० ग्रॅम साबुदाणा धुऊन, निथळून ठेवा आणि एकूण वजन अनुक्रमे ९०, ९५ आणि १०० ग्रॅम होईल एवढं पाणी घाला. सहा तासांनी ज्या वाटीच्या तळाशी पाणी नाही आणि दाण्यात कणीही नाही, ते तुमच्या पिशवीचं माप. ते पिशवीवर लिहून ठेवा. खर्च बारा रुपये, आणि तो साबुदाणाही संध्याकाळी खिचडीतच जातो.

भिजायला मध्यम दाण्याला चार ते सहा तास धरा. पाणी मोजून घातलेलं असेल तर रात्रभर ठेवूनही तो गळत नाही, कारण शोषायला जास्तीचं पाणीच नसतं. पहिल्या तासानंतर एकदा भांडं झटकून वर-खाली करा, नाहीतर तळचे दाणे जास्त पितात आणि वरचे कोरडे राहतात. झाकण घट्ट हवं. नाशिकच्या कोरड्या हिवाळी हवेत उघड्या भांड्यातला वरचा थर कडक होतो. थंडीत भिजायला वेळही जास्त लागतो. एप्रिल-मे महिन्यांत उलट काळजी घ्यायची. रात्रभर ओट्यावर ठेवलेला साबुदाणा आंबूस होऊ शकतो, म्हणून दोन तास बाहेर ठेवून मग फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी करायच्या आधी अर्धा तास बाहेर काढा.

गरम पाणी मात्र कधीही घालू नका. टॅपिओकाचा स्टार्च साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअसच्या दरम्यान फुगून चिकट होतो. कढत पाण्यात दाण्याची बाहेरची बाजू लगेच चिकट होते, दाणे एकमेकांना धरतात आणि आत पाणी जायचा रस्ता बंद होतो. परिणामी बाहेरून खळ आणि आत कणी. घाई असेल त्या दिवशी भगर करावी, साबुदाणा करू नये.

झाला की नाही हे ओळखायला पाच-सहा दाणे भांड्याच्या वेगवेगळ्या भागांतून घ्या आणि अंगठा व तर्जनीत दाबा. दाणा सहज चपटा व्हायला हवा आणि मध्ये काहीही टोचायला नको. कणी लागली तर चमचाभर पाण्याचा हबका मारा, हलवा आणि झाकून पाऊण तास थांबा. वाटीभर पाणी ओतण्याचा मोह आवरा. दाणे ओलसर, चकचकीत दिसत असतील आणि मुठीत धरल्यावर गोळा होत असेल तर पाणी जास्त झालं आहे. स्वच्छ सुती पंच्यावर पसरून पंख्याखाली वीस-तीस मिनिटं ठेवा.

कढईत

दाण्याचं कूट, मीठ आणि साखर साबुदाण्यात आधीच, कढईबाहेर मिसळा. पाव किलोला सव्वाशे ग्रॅम दाण्यांचं कूट हे प्रमाण चवीसाठी आहेच, शिवाय कूट दाण्यांच्या अंगावर बसून त्यांना वेगळं ठेवतं आणि उरलासुरला ओलावा ओढून घेतं. दाणे खमंग भाजून, पूर्ण गार करून मग कूट करा. गरम दाणे वाटले तर तेल सुटून त्याची ढेप होते. कूट भरड हवं.

कढई जाड बुडाची आणि पसरट असावी. या एका पदार्थासाठी नवं नॉनस्टिक आणायची गरज नाही, वापरात मुरलेली लोखंडी कढई छान चालते. तूप तापवा, जिरं आणि मिरच्या घाला, मग कच्च्या बटाट्याच्या पातळ फोडी घालून त्या तुपातच शिजवा. उकडलेला बटाटा घातला तर तो उलथण्याने मोडतो आणि दाण्यांना लागतो. मोकळ्या खिचडीला कच्च्या बटाट्याच्याच फोडी हव्यात.

मग आच मध्यम करा आणि साबुदाणा घाला. कढईत थर दोन बोटांपेक्षा जास्त नको. थर जाड झाला की खालची वाफ वर निघत नाही, मधल्या दाण्यांवर पाणी धरतं आणि तिथेच गोळा सुरू होतो. उलथणं बुडापर्यंत नेऊन खालचं वर करा आणि अर्धं मिनिट हात थांबवा. सतत ढवळलं की मऊ दाण्यांची कवचं फाटतात.

पाच-सात मिनिटांत पांढरे दाणे काचेसारखे व्हायला लागतात. सगळे पारदर्शक होईपर्यंत थांबू नका. बहुतेक झाले आणि काहींच्या मध्ये अजून पांढरा ठिपका दिसतो आहे, अशा वेळी आच बारीक करून दोन मिनिटं झाकण ठेवा. तेवढ्या वाफेत ठिपके जातात. झाकण काढताना आडवं उचलून बाजूला न्या, नाहीतर आतलं पाणी खिचडीवर पडतं. लगेच गॅस बंद करा. यापुढचं प्रत्येक मिनिट खिचडी आधी चिकट आणि मग वातड करतं. लिंबू आणि कोथिंबीर गॅस बंद केल्यावर घाला.

तरीही गोळा होऊ लागला तर काय? कढईत असताना दोन चमचे कूट आणि चमचाभर तूप घालून, झाकण न ठेवता आच किंचित वाढवा आणि उलथण्याच्या कडेने गोळे सोडवा. साबुदाणा भिजवतानाच लगदा झाला असेल तर खिचडीचा हट्ट सोडून थालीपीठ लावा. एक-दोन उकडलेले बटाटे, कूट, मिरची आणि बांधणीपुरतं राजगिऱ्याचं किंवा शिंगाड्याचं पीठ घातलं की पाव किलोचं काम वरच्या दहा-पंधरा रुपयांत निभावतं. नाशिककरांना सायंतारासारख्या ठिकाणच्या साबुदाणा वड्याची चव माहीत असल्यामुळे असा साबुदाणा वड्यात घालावासा वाटतो. पण फार ओला साबुदाणा तेल पितो. कणी राहिलेला दाणा तर कढत तेलात फुटून उडतो, त्याने हात-तोंड भाजू शकतं. वड्याला दाणा खिचडीइतकाच नीट भिजलेला लागतो. चिकटपणा बटाट्यातून येतो.

पंचवीस माणसांची खिचडी

सोसायटीत किंवा मंदिरात प्रसाद करायचा असेल तर दीड किलो साबुदाणा लागतो. वरच्या भावाने साहित्य आणि गॅस मिळून सुमारे ५४० रुपये होतात. मोठ्या प्रमाणात बिघडतं ते दोन ठिकाणी. पहिलं म्हणजे सगळा साबुदाणा एकाच खोल पातेल्यात भिजवतात. पाणी तळाला साचतं आणि वरच्या भाराने खालचे फुगलेले दाणे चेपतात. दोन-तीन परातींत वाटून भिजवा आणि प्रत्येक परातीचं वजन वेगळं मोजा. दुसरं म्हणजे एकाच मोठ्या कढईत एकदम फोडणी. पाचशे ग्रॅमचे तीन घाणे काढा. अर्धा तास जास्त जातो आणि गॅसचे पाच-सात रुपये, पण दाणा मोकळा राहतो. झालेली खिचडी खोल डब्यात कोंबू नका. पसरट भांड्यात काढून वर सुती कापड आणि मग सैल झाकण ठेवा. कापड वाफेचं पाणी पितं.

विकत आणायची असेल तर प्लेटचा भाव न विचारता किलोचा भाव विचारा, कारण प्लेट प्रत्येक ठिकाणी वेगळी असते. पाव किलो साबुदाण्याची तयार खिचडी साधारण पाऊण किलो भरते, म्हणजे घरची तुपातली खिचडी १२० रुपये किलो पडते. दुकानाचा भाव त्याशेजारी ठेवून ठरवा. ती तेलातली आहे की तुपातली आणि किती वाजता केलेली आहे, हेही विचारा.

गार झालेली खिचडी कडक होते. स्टार्च थंड होताना घट्ट होण्याचा तो गुण आहे. ती गरम करताना पाण्याचा एखादा शिपका मारून बारीक आचेवर, झाकण ठेवून तीन-चार मिनिटं वाफ द्या. दाणे पुन्हा मऊ होतात, पण हे एकदाच जमतं. दुसऱ्यांदा गरम केली तर मात्र ती वातड होते, म्हणून उरलेल्यातलं हवं तेवढंच बाहेर काढा आणि बाकीचं फ्रिजमध्येच राहू द्या.